मान धरलेल्या ऑपरेटरसाठी पाच मिनिटं : स्ट्रेचिंगच्या व्हिडिओची सेकंदवार संहिता

जुलैचा शेवटचा आठवडा होता. पीकविम्याची मुदत संपत आलेली, आणि औसा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या माझ्या भाच्याचा रात्री साडेदहाला फोन आला. "मावशी, मान लई दुखायलीय. उजवीकडं वळवता येईना. एखादी गोळी सांग." मी लातुरात फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे घरातले असे फोन मला नवे नाहीत. गोळी सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने गेले आणि तासभर त्याच्या केंद्रात कोपऱ्यात बसून राहिले.

त्या तासात जे दिसलं, त्यावरून मी त्याच्यासाठी पाच मिनिटांचा एक व्हिडिओ बनवला. पहिला प्रयत्न फसला, दुसरा चालला. त्या दुसऱ्या व्हिडिओची संहिता इथे देते आहे, आणि प्रत्येक हालचालीला तेवढेच सेकंद का दिले आहेत तेही सांगते. कारण व्हिडिओत हालचाल बरोबर असूनही वेळ चुकली, तर बघणाऱ्याला काहीही फायदा होत नाही.

आधी दुखणं कुठून येतं ते बघू. भाच्याचं टेबल सरकारी कचेरीत असतं तसं लोखंडी, ७६ सेंटीमीटर उंच. खुर्ची प्लास्टिकची, बैठक ४३ सेंटीमीटरवर. तो ताठ बसला की त्याचं कोपर बैठकीपासून २२ सेंटीमीटर वर येतं, म्हणजे जमिनीपासून ६५. टेबल कोपरापेक्षा ११ सेंटीमीटर उंच झालं. एवढ्या उंचीवर टाईप करायचं तर हात उचलावा लागतो, आणि हात उचलून धरायचं काम खांद्याचा आणि मानेचा स्नायू करतो. कवटीच्या मागच्या भागापासून आणि मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत पसरलेला हा पंख्यासारखा स्नायू, त्याला ट्रॅपेझियस म्हणतात. आपण ज्याला 'खांदा भरून आला' म्हणतो तो बहुतेक वेळा याचाच वरचा भाग असतो. वजन मोठं नाही, पण सुट्टीही नाही. स्नायू आवळलेला असतो तेव्हा त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सैल सोडला की रक्त पुन्हा वाहतं. पोतं उचलणारा हमाल पोतं टाकतो, श्वास घेतो, पुन्हा उचलतो. टाईप करणाऱ्याचा खांदा मात्र तास दोन तास तसाच उचललेला राहतो. म्हणून कष्ट कमी वाटले तरी दुखणं जास्त.

दुसरी गोष्ट डोक्याची. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलो भरतं. पाच किलो ज्वारीची पिशवी छातीशी धरून उभं राहा, आणि मग तीच पिशवी हात लांब करून धरा. पिशवी तीच असते, पण दुसऱ्या मिनिटाला हात थरथरायला लागतात. लॅपटॉप टेबलावर ठेवून त्याच्यात बघताना डोकं मणक्यावरून पुढे जातं, आणि मानेच्या मागच्या स्नायूंची अवस्था त्या लांब केलेल्या हातासारखी होते.

तिसरी गोष्ट मी तिथे बसले नसते तर कळलीच नसती. शेतकरी घरी, त्याचा मुलगा केंद्रात, आणि ओटीपी घरच्या मोबाईलवर. मग भाचा फोन लावतो, मोबाईल उजव्या कानात आणि खांद्यात दाबून धरतो, दोन्ही हातांनी टाईप करत विचारतो, "काका, किती आलाय नंबर? सावकाश सांगा." तासाभरात मी असे अकरा फोन मोजले. उजवीकडची मान का धरली, याचं उत्तर त्या अकरा फोनांत होतं.

हे आधी दुरुस्त केलं. व्यायाम त्यानंतर. वहिनीने जुनी गोधडी घडी करून खुर्चीवर टाकली. बसल्यावर ती दबून सात सेंटीमीटर उरली. कोपर ७२ वर आलं. टेबल अजून चार सेंटीमीटर वर आहे, पण अकरापेक्षा ते कितीतरी बरं. बैठक वर गेली की पाय लोंबतात आणि मांडीखाली कड रुतते, म्हणून पायाखाली दोन विटा आडव्या ठेवल्या. वीट आडवी साडेसात सेंटीमीटरची असते, हिशोब जमला. लॅपटॉपखाली कागदाची न फोडलेली रिमं रचली. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या जवळपास यावी, किंचित खाली असली तरी चालते. त्याचे डोळे आता १२५ सेंटीमीटरवर होते, आणि टेबलावर उघडून ठेवलेल्या लॅपटॉपची वरची कड १०० वर. पाचशे कागदांचं एक रिम साधारण पाच सेंटीमीटर जाड, म्हणून चार रिमं लागली. लोक एखादं पुस्तक सरकवून थांबतात. त्याने काही होत नाही, मोजून बघा. एवढा वर चढवलेला लॅपटॉप टाईप करायला निरुपयोगी होतो, त्यामुळे वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्यावाच लागतो. सातबारा आणि पासबुक डावीकडे टेबलावर पडलेले असायचे. ते आता कीबोर्ड आणि लॅपटॉप यांच्या मधे, रिमांना टेकवून उभे राहतात. आणि फोनला इअरफोन. ओटीपी स्पीकरवर सगळ्या रांगेला ऐकू जाणं बरं नाही.

एवढं करूनही माणूस तासन्‌तास एकाच जागी बसणार असेल तर ब्रेक लागतोच. याबद्दल एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अमेरिकेत आयकर विवरणपत्रांची डेटा एन्ट्री करणाऱ्या हंगामी ऑपरेटरांवर एक अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सुट्ट्यांशिवाय, ज्या तासात सुट्टी नाही त्या तासात पाच मिनिटांचा जादा ब्रेक दिला. अंगदुखी आणि डोळ्यांचा ताण कमी झाला, आणि दिवसाला वीस मिनिटं कमी काम करूनही एन्ट्रीची संख्या घटली नाही. त्याच गटाने २००७ साली पुढचा अभ्यास छापला, त्यात निम्म्या लोकांना स्ट्रेचिंगही शिकवलं होतं. ब्रेकचा फायदा पुन्हा दिसला, स्ट्रेचिंगचा वेगळा फायदा दाखवता आला नाही. कारण शिकवूनसुद्धा लोकांनी निम्म्याहून जास्त ब्रेकमध्ये स्ट्रेचिंग केलंच नव्हतं.

म्हणून मला कागदावर चित्रं काढून द्यायची नव्हती. भिंतीवर लावलेल्या तक्त्याकडे आठव्या दिवशी कोणी बघत नाही. कानाशी कोणीतरी "आता सोडा" म्हणणारं हवं.

पहिल्या व्हिडिओत मी दोन चुका केल्या. मान बाजूला झुकवायला सांगितली आणि ती झुकलेली असतानाच 'हा कोणता स्नायू, तो का आखडतो' हे बोलत बसले. बोलणं पंचेचाळीस सेकंद चाललं. भाच्याने मान तशीच ठेवली, कारण सोडायला सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या बाजूला माझं बोलणं संपलेलं, तर आठ सेकंदांत सोडून दिली. दुसरी चूक त्याहून वाईट. मोबाईल टेबलावर आडवा, आणि त्यात मी काय करते ते बघण्यासाठी तो हनुवटी मागे घेता घेता खाली वाकून बघत होता. मान सरळ करण्याचा व्यायाम मान वाकवून चालला होता.

त्यामुळे दुसऱ्या व्हिडिओचे नियम ठरले. सूचना हालचालीच्या आधी, धरून ठेवण्याच्या वेळात शांतता किंवा फक्त श्वासाची आठवण, आणि 'सोडा' हा शब्द प्रत्येक वेळी ठरल्या सेकंदाला. स्क्रीन न बघता नुसत्या आवाजावर सगळं करता आलं पाहिजे. सावकाश बोललं तर दहा सेकंदांत वीसेक शब्द बसतात. तयारीला दहा सेकंद दिले असतील तर वाक्यं त्यात मावली पाहिजेत, नाही तर पुढचं सगळं घसरतं. मी संहिता हातात घेऊन घड्याळ लावून चार वेळा मोठ्याने वाचली. प्रत्येक वेळी दोन-तीन शब्द कापावे लागले.

उजव्या-डाव्याची एक अडचण आधीच सांगून ठेवते. समोर बघून शिकवताना तुमचा उजवा हात बघणाऱ्याच्या डावीकडे दिसतो. मी तोंडाने 'उजवा' म्हणते आणि स्वतः डावा वापरते, म्हणजे तो आरशात बघितल्यासारखा होतो. पुढच्या कॅमेऱ्याने काढणार असाल तर सेव्ह झालेला व्हिडिओ एकदा उघडून बघा. काही मोबाईल तो उलटा करून ठेवतात, काही नाही. मागे भिंतीवरच्या कॅलेंडरची अक्षरं सरळ दिसली तर व्हिडिओ उलटलेला नाही.

आता संहिता. अवतरणातला मजकूर तेवढाच बोलायचा.

०:०० ते ०:२०
"हात कीबोर्डवरून काढा. पावलं टेकवा. दारातून लांब बघा, झाड दिसतं का? पापण्या मिटा, उघडा. श्वास सावकाश."

ही वीस सेकंदं डोळ्यांची आहेत. जवळ बघताना डोळ्याच्या आतला स्नायू आवळलेला असतो, वीस फुटांपलीकडे बघितलं की तो सैल पडतो. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्याही कमी मिटतो, म्हणून ते सांगावं लागतं. भाच्याच्या दारातून समोरच्या वाड्यातला लिंब दिसतो. बंद खोलीत असाल तर खोलीचा सगळ्यात लांबचा कोपरा घ्या.

०:२० ते ०:३०
"आता हनुवटी. एक बोट हनुवटीला लावा. नजर समोर. बोट तिथंच ठेवायचं, हनुवटी सरळ मागे न्यायची."

०:३० ते १:१०
"मागे... धरा, दोन, तीन, चार, पाच. सोडा." (आठ सेकंदांचं एक आवर्तन, असं पाच वेळा.)

पाचही आवर्तनं मी पूर्ण बोलून रेकॉर्ड केली. 'असंच अजून चार वेळा करा' म्हटलं की माणूस दोनदा करून उठतो. धरायला पाच सेकंद, जायला-यायला तीन. ही ताणण्याची नाही, काम करायला लावण्याची हालचाल आहे. मानेच्या पुढच्या बाजूला मणक्यालगत खोल स्नायू असतात. डोकं मणक्यावर नीट तोलून धरणं हे त्यांचं काम. डोकं कायम पुढे गेलेलं असलं की त्यांची सवय सुटते आणि सगळा भार मागचे स्नायू ओढतात.

बरोबर होतंय हे कसं ओळखायचं? बोट आणि हनुवटी यांच्यात फट पडते, गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसते, आणि कवटीच्या तळाशी मागे ओढ जाणवते. चुकतंय ते दोन प्रकारांनी. हनुवटी छातीकडे खाली जाते, किंवा वर उचलली जाते. भाच्याची वर जात होती. मी त्याला म्हटलं, "डोक्याच्या मागं भिंत हाय समज, तिला टाळू नाही, मागचं डोकं टेकवायचंय." त्यावर तिसऱ्या वेळी जमलं. आधी याची पाच आवर्तनं आणि मग बाजूचा ताण, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. पुढे गेलेलं डोकं तसंच ठेवून मान बाजूला झुकवली तर ताण हव्या त्या स्नायूवर येत नाही, मानेच्या सांध्यांवर दाब येतो.

१:१० ते १:२०
"उजव्या हाताने खुर्चीची बैठक खालून धरा. उजवा खांदा खाली. आता डावा कान डाव्या खांद्याकडे. सावकाश."

१:२० ते १:४०
(शांतता. १:३० ला फक्त) "श्वास चालू ठेवा."

१:४० ते १:४५
"सोडा. मान सरळ."

१:४५ ते १:५५
"आता डाव्या हाताने बैठक धरा. डावा खांदा खाली. उजवा कान उजव्या खांद्याकडे. सावकाश."

१:५५ ते २:१५
(शांतता. २:०५ ला) "श्वास चालू ठेवा."

२:१५ ते २:२०
"सोडा. मान सरळ."

सगळ्या संहितेत हा एक मिनिट दहा सेकंदांचा तुकडा सगळ्यात कामाचा आहे, आणि सगळ्यात जास्त बिघडतोही इथेच. खुर्ची का धरायची? मान झुकवली की ताणलेला स्नायू दुसऱ्या टोकाला खांदा वर खेचून घेतो. दोरीचं एक टोक ओढलं आणि दुसरं मोकळं असलं तर दोरी ताणली जात नाही, नुसती सरकते. हाताने बैठक धरली की खालचं टोक बांधलं जातं. अनेक व्हिडिओंत डोक्यावर हात ठेवून ओढायला सांगतात. मी सांगत नाही. घाईत असलेला माणूस जोर लावतो आणि दुसऱ्या दिवशी मान जास्त धरते. डोक्याचं स्वतःचं वजन पुरे आहे.

वीसच सेकंद का? मोठ्या माणसांसाठी स्ट्रेच १० ते ३० सेकंद धरावा असं साधारण मानलं जातं. १९९४ साली मांडीच्या मागच्या स्नायूंवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५, ३० आणि ६० सेकंद अशी तुलना केली होती. १५ पेक्षा ३० चांगले ठरले, पण ६० ने ३० पेक्षा जास्त काही मिळालं नाही. तो स्नायू मोठा, आणि तिथे हेतू लांबी वाढवण्याचा होता. आपल्याला इथे आवळलेला स्नायू सैल करायचा आहे, मान आधीच दुखरी आहे आणि बाहेर रांग उभी आहे. वीस सेकंदांत पहिल्या आठ-दहा सेकंदांनंतर ओढ थोडी ओसरल्यासारखी वाटते. तेवढं झालं की पुरे. ती ओसरायच्या आतच लोक सोडतात, म्हणूनच घड्याळ हवं.

ओढ कान आणि खांदा यांच्या मधल्या उतारावर जाणवली पाहिजे. ती खाली दंडात, मनगटाकडे उतरायला लागली, मुंग्या आल्या, तर तो स्नायूचा ताण नव्हे, मज्जातंतू ओढला जातोय. लगेच मान सरळ करायची आणि पुढच्या वेळी अर्धंच झुकायचं. तरीही आलं तर ही हालचाल सोडून द्यायची. झुकलेल्या बाजूला, म्हणजे डावीकडे झुकताना डावीकडेच टोचलं, तर झुकणं जास्त होतंय.

२:२० ते २:३०
"उभे राहा. हात पाठीमागे, बोटं एकमेकांत अडकवा. तळहात आत. जमत नसेल तर मागे मनगट धरा."

२:३० ते २:५०
"हात खाली ओढा, छाती पुढे..." (नंतर शांतता. २:४२ ला) "हनुवटी पुढे जाऊ देऊ नका."

२:५० ते ३:००
"सोडा. हात मोकळे झटका."

छाती उघडायला दाराच्या चौकटीत हात टेकवून पुढे झुकणं जास्त चांगलं. पण केंद्राच्या दारात सकाळी आठपासून माणसं उभी असतात. खुर्चीच्या पाठीवर मागे रेलण्याचाही एक प्रकार आहे, तो प्लास्टिकच्या खुर्चीवर अजिबात करू नका. तिचे मागचे पाय फाकतात आणि माणूस खुर्चीसकट मागे जातो.

३:०० ते ३:०५
"उजवा हात समोर सरळ, तळहात वर. डाव्या हाताने बोटं खाली दाबा."

३:०५ ते ३:२०
(शांतता)

३:२० ते ३:२५
"सोडा. आता डावा हात, तसाच."

३:२५ ते ३:४०
(शांतता. ३:४० ला) "सोडा."

मनगटाला पंधराच सेकंद, आणि दाब हलका. बोटं फार मागे वळवली की मनगटातून जाणारी मज्जातंतू दाबली जाते. रात्री झोपेत अंगठा, पहिलं आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकावा लागत असेल, तर हा तुकडा गाळा आणि दाखवून घ्या. करंगळी सुटून बाकीची बोटं बधिर होणं ही त्या मज्जातंतूची खूण आहे.

३:४० ते ३:५०
"पावलं खांद्याएवढी लांब. दोन्ही हात कमरेवर मागे, बोटं खाली. गुडघे सरळ. कमरेतून मागे झुकायचं, मान नाही."

३:५० ते ४:१०
"मागे... परत." (चार सेकंदांचं एक, पाच वेळा.)

४:१० ते ४:१५
"टेबलाला बोटं टेकवा. टाचा वर-खाली, दहा वेळा."

४:१५ ते ४:३५
"वर, खाली. वर, खाली..." (दोन सेकंदांना एक.)

या दोन हालचाली मी सोप्या म्हणून ठेवल्या, त्यांचं फार समजावण्यासारखं नाही. बसून पुढे वाकलेली कंबर उलट्या दिशेला जाते, आणि टाचा उचलल्या की पोटऱ्या आवळून-सुटून पायात साचलेलं रक्त वर ढकलतात. मागे झुकल्यावर दुखणं पायात उतरलं तर झुकणं थांबवायचं. ज्याला मान वर केली की चक्कर येते त्याने मान समोरच ठेवायची.

४:३५ ते ५:००
"बसा. पाठ खुर्चीला टेकवा. पावलं विटेवर. खांदे एकदा वर, आणि खाली सोडून द्या. कोपरं अंगालगत. हनुवटी थोडी मागे. इअरफोन लावा. पुढचा नंबर घ्या."

शेवटची पंचवीस सेकंदं काढून टाकावीत असं मला आधी वाटलं होतं. पण ब्रेकनंतर माणूस घाईने बसतो, तो खुर्चीच्या टोकावर बसतो, आणि मग तासभर तिथेच राहतो. बसताना पाठ टेकवली तर टेकलेली राहते. पाठ टेकली की वरच्या धडाचा काही भार खुर्ची घेते, कमरेच्या मणक्यांमधल्या गाद्यांवर दाब कमी येतो. बाक न काढता ताठ, अधांतरी बसणं ही चांगली बैठक नव्हे. ते दहा मिनिटांच्या वर कोणाला जमतही नाही.

भाच्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "मावशी, बाहेर पन्नास माणसं बसल्यावर पाच मिनिटं उठू कसा?" प्रश्न रास्त होता. मुदतीच्या आठवड्यात साईट दिवसातून कितीदा तरी अडकते, चक्र फिरत राहतं, आणि तो स्क्रीनकडे बघत बसतो. ती मिनिटं घ्यायची ठरलं. साईट दोन मिनिटं अडकली तर ०:०० पासून २:२० पर्यंतचा भाग, म्हणजे डोळे, हनुवटी आणि मान. उभं राहायचा भाग लाईट गेल्यावर किंवा चहाला. त्यासाठी मी व्हिडिओचे दोन तुकडे करून दिले आणि नुसता आवाजही वेगळा काढून दिला, तो इअरफोनमध्येच लागतो. साईट अडकली नाही असं क्वचित होतं, पण तसा तास गेला तर मोबाईलचा गजर.

कोणाला हे करायचं नाही, तेही स्पष्ट असावं. पडल्यावर किंवा गाडीवरून आपटल्यावर मान दुखायला लागली असेल तर आधी डॉक्टर. हातातली पकड कमी झाली, कप निसटतो, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, चालताना तोल जातो, तर मानेत मज्जारज्जूवर दाब असू शकतो, तिथे स्ट्रेचिंगने वेळ घालवू नये. लघवी-संडासचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना. ताप, विनाकारण घटणारं वजन, रात्री झोपू न देणारं दुखणं हेही दाखवायचंच. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात येत असेल, घाम फुटत असेल, तर ती मान नाही. खांदा चोळत बसू नका, ताबडतोब हॉस्पिटलला जा.

साध्या धरलेल्या मानेला साधारण दोन आठवडे द्या. रोज संध्याकाळी एक गोष्ट बघा. खांदे न हलवता मान उजवीकडे वळवा आणि भिंतीवर नजर कुठपर्यंत पोचते ते लक्षात ठेवा. भाच्याची पहिल्या दिवशी कॅलेंडरपर्यंत जात होती. आठव्या दिवशी कॅलेंडरच्या पलीकडच्या लाईटच्या बोर्डापर्यंत. पंधराव्या दिवशी दाराच्या कडीपर्यंत, तीही दुखल्याशिवाय. नजर दोन आठवड्यांनीही तिथेच अडकली असती तर मी त्याला लातूरला बोलावून हात लावून तपासलं असतं.

परवा गेले तेव्हा गोधडी बदललेली दिसली. जुनी दबून चार सेंटीमीटरवर आली होती, म्हणून वहिनीने तिच्यावर दुसरी टाकली. टेप लावून बघितलं, बैठक बरोबर ५० वर.